बाटली बनावट नसावी, नाकाला सवय झाली असावी

«गेला आठवडाभर रोज सकाळी एक ताजं, लिंबू-संत्र्याच्या वासाचं कोलोन लावतोय. पहिल्या दिवशी फार आवडलं. पण दादरला गाडी बदलेपर्यंत वास उडून जातो, आणि चौथ्या दिवसापासून तर लावल्यावरही जेमतेम जाणवतो. बाटली बनावट असेल का? की जास्त मारायला हवं? मी या विषयात अगदी नवीन आहे.»

तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. दादरपर्यंत वास उडतो, हा त्या कोलोनचा स्वभाव आहे. लिंबू, संत्रे, बर्गमोट यांच्या सालीच्या तेलात लिमोनीन हा मुख्य घटक असतो. तो हलका असल्याने लवकर उडतो, आणि मुंबईच्या उकाड्यात तापलेल्या त्वचेवरून त्याहूनही लवकर. त्यातून बाटलीवर खरोखरच ‘ओ द कोलोन’ लिहिलेले असेल, तर त्यात सुगंधी तेलांचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्केच असते. अर्ध्या-पाऊण तासाने लिंबू संपणे हा दोष मानू नये.

चौथ्या दिवसापासून लावल्यावरही वास जाणवत नाही, यामागे बहुधा नाकाची सवय आहे. गजरा माळलेल्या बाईला मोगरा जाणवेनासा होतो, पण शेजारी बसलेल्याला येत राहतो, तसेच हे. खात्री करायची असेल तर सकाळी अंगावर लावताना एक फवारा धुतलेल्या सुती रुमालावर मारा आणि तो रुमाल वेगळ्या खोलीत ठेवून कामाला जा. संध्याकाळी घरी आल्यावर, आंघोळीनंतर, तो हुंगा. लिंबू गेलेले असेल, पण खाली देवदाराचा कोरडा लाकडी वास किंवा स्वच्छ धुतल्या कपड्यांसारखा कस्तुरीचा वास मिळाला, तर बाटली ठीक आहे. तुम्हाला काहीच आले नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्या, कारण काही कृत्रिम कस्तुरी काही जणांच्या नाकाला मुळीच कळत नाहीत. त्यानंतर दोन-तीन दिवस काहीही न लावता राहा आणि मग पुन्हा लावून पाहा. रोज लावून लिहिलेल्या परीक्षणात ‘टिकत नाही’ हे वाक्य या चाचणीशिवाय येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या शक्यतेने माझे सर्वांत जास्त नुकसान केले, तिच्याबद्दल. उपनगरातल्या एका दुकानातून मी असेच कोलोन घेतले होते. खोक्याची एक बाजू उन्हाने फिकी पडलेली होती, म्हणजे ते बराच काळ काचेच्या दर्शनी कपाटात उभे होते. पहिल्या फवाऱ्यालाच लिंबाच्या मागून टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला, आणि काही दिवसांत मानेवर खाज सुटून लाल चट्टे उठले. बाटली परत नेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने ती हुंगलीसुद्धा नाही. ‘सिट्रस असंच असतं, तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे,’ असे सांगून त्याने मला त्याहून महागडी, जास्त तीव्र बाटली दाखवली. लिमोनीन हवा, ऊन आणि उष्णतेने हळूहळू ऑक्सिडाइझ होते आणि त्यातून तयार होणारे पदार्थ त्वचेला ॲलर्जी आणतात, ही माहिती सुगंध विकणाऱ्याला असायलाच हवी. त्वचारोगतज्ज्ञांची फी आणि वाया गेलेली बाटली यांपेक्षाही, ‘दोष तुमच्या त्वचेचा’ हे ऐकून घ्यावे लागले याचा मला आजही संताप येतो.

म्हणून पहिल्या मिनिटाचा वास नीट हुंगा. नुकत्याच सोललेल्या सालीसारखा चुरचुरीत वास असेल तर माल ताजा आहे. रंगाच्या डब्यासारखा, उग्र किंवा खवट वाटला आणि द्रवही पूर्वीपेक्षा गडद दिसला, तर तो अंगाला लावू नका. मी डॉक्टर नाही. खाज किंवा पुरळ आले तर वापर थांबवून तज्ज्ञांना दाखवावे.

जास्त मारण्याचा विचार मात्र सोडून द्या. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्यांना तुमचा वास तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. दोन फवारे सुती शर्टाच्या आतल्या बाजूला मारा, कारण कापडावर तो त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतो. रेशमावर मात्र नको, डाग पडतात. छोट्या स्प्रेच्या बाटलीत थोडे काढून बॅगेत ठेवा आणि ऑफिसात पोहोचल्यावर एकदा लावा. मोठी बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत न ठेवता खोक्यासकट कपड्यांच्या कपाटात ठेवा. खरेदीची पावतीही त्याच खोक्यात राहू द्या. माझ्याकडे ती नव्हती, आणि दुकानदाराने सर्वांत आधी तीच मागितली होती.