‘गाणे राहिले, नाणे राहिले’ याच्या पुढे काय?

प्रश्न : ‘माझा मतला असा झाला आहे –

सूर सारे वेचले मी, फक्त गाणे राहिले
वाटली सारी कमाई, एक नाणे राहिले

रदीफ “राहिले” आणि काफिया “गाणे-नाणे” हे ठरून गेले. पुढे दाणे आणि जाणे सोडून काही सुचत नाही. “जीवघेणे” वृत्तात बसतो, तो चालेल का? आणि असे शब्द शोधायचे कसे?’

मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर, रदीफ म्हणजे ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द, आणि काफिया म्हणजे त्याच्या आधीचे यमक. आधी ‘जीवघेणे’चे. नाही चालणार. मतल्यात गाणे आणि नाणे आल्यामुळे दोन गोष्टी बांधल्या गेल्या. शेवटचा ‘णे’ आणि त्याच्या आधीचा ‘आ’. या ‘आ’ला अलामत म्हणतात. जीवघेणेमध्ये ‘णे’ आहे, पण त्याच्या आधी ‘ए’ आहे. त्याची भावंडे म्हणजे देणे, घेणे, लेणे, येणे. ऐकणाऱ्याचा कान मतल्यातच ‘आणे’ला लागलेला असतो, तिथे ‘एणे’ आला की ठेच लागते. वृत्तात अगदी चोख बसतो म्हणूनच हा शब्द फसवा आहे.

बोलणे, सोसणे, चालणे हेही याच कारणाने बाद, कारण तिथे ‘णे’च्या आधी ‘अ’ आहे. पाहणे, साहणे हे बोलताना ‘पाणे’, ‘साणे’ असे ऐकू येतात म्हणून कुणी वापरून बघतो. पण तिथे ‘ह’ आहे, आणि वृत्तातही ते बसत नाहीत. ‘पाने’ तर दोन वेळा चुकतो. न आणि ण वेगळे, शिवाय ‘पाने राहिली’ म्हणावे लागेल.

जीवघेणेवर फारच जीव जडला असेल तर एक वाट आहे, पण ती मतल्यातून जाते. मतल्याच्या एका ओळीत गाणे आणि दुसरीत ‘वारे’सारखा शब्द आणला तर फक्त शेवटचा ‘ए’ बांधला जातो. त्याला स्वरकाफिया म्हणतात. मग जीवघेणेच काय, साधे, कोरे, चेहरे यांनाही दार उघडते (चेहरे मात्र वृत्तात अडेल). माझे मत विचाराल तर तसे करू नका. ‘गाणे-नाणे’ घट्ट आहे, आणि ‘राहिले’सारख्या मोकळ्या रदीफेच्या आधी काफिया घट्टच असलेला बरा वाटतो.

आता शोधायचे कसे. बहुतेक जण क-ख-ग-घ पुढे लावत जातात : खाणे, गाणे, घाणे, जाणे, ठाणे, दाणे, न्हाणे. हे करा, पण पाच मिनिटांत संपवा. खरा शोध त्याच्यानंतर आहे, आणि तो वृत्तापासून सुरू होतो.

तुमचे वृत्त देवप्रिया आहे : गालगागा गालगागा गालगागा गालगा. गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू. शेवटचा ‘गालगा’ म्हणजे ‘राहिले’. म्हणजे काफियाला तिसऱ्या गालगागामध्ये संपायचे आहे, आणि त्याचे शेवटचे तुकडे ‘ल-गा-गा’ असेच असायला हवेत. यातून तीन मापांचे शब्द निघतात. गाणे-दाणेसारखे नुसते ‘गागा’, त्यांच्या आधी फक्त, एक, रोज असा ‘गाल’ लागतो. उखाणे, बहाणे, शहाणे, दिवाणे, घराणे, उताणे, तराणे हे ‘लगागा’, त्यांच्या आधी एकच गुरू पुरतो : ‘ते बहाणे’, ‘हे शहाणे’. आणि ‘दीनवाणे’सारखे पुरते ‘गालगागा’, जे एकटेच अख्खा तुकडा व्यापतात.

याहून लांब शब्द मागच्या तुकड्यात पाय पसरतो, आणि गंमत तिथेच आहे. केविलवाणे, लाजिरवाणे, गोजिरवाणे हे तिन्ही ‘गाललगागा’. ‘वाणे’च्या आधी दोन लघू सलग येतात, म्हणून तुमच्या वृत्तात जात नाहीत. गाऱ्हाणे ‘गागागा’, त्यालाही जागा नाही. पण ‘ओशाळवाणे’ बघा : ओ-शा-ळ-वा-णे, गागालगागा. ‘ओ’ दुसऱ्या तुकड्याच्या शेवटच्या गुरूवर बसतो आणि ‘शाळवाणे’ तिसरा तुकडा भरतो.

भेट झाली, चौकशी झाली, निघालो शेवटी
बोलताना हासणे ओशाळवाणे राहिले

हा शब्द क-ख-ग लावून कधीच हाती लागला नसता. ‘वाणे’ने संपणारी विशेषणे आठवत गेलो आणि एकेक मापून टाकत गेलो तेव्हा तो उरला. मात्र ‘वाणे’वाला शब्द गझलेत एकच घ्या. दीनवाणे आणि ओशाळवाणे दोन्ही आले की कानाला ‘वाणे’च रदीफ वाटू लागते.

दुसरी चाळण रदीफेच्या व्याकरणाची. मराठीत ती फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. आपले क्रियापद लिंग-वचन बोलते. ‘राहिले’ एकवचनी नपुंसकलिंगी नामासोबत चालते (गाणे राहिले, घराणे राहिले) किंवा अनेकवचनी पुल्लिंगी नामासोबत (दाणे राहिले, उखाणे राहिले). अनेकवचनी नपुंसकलिंगी नाम आले की ‘राहिली’ झालेच पाहिजे. म्हणजे ठिकाणे, उधाणे, धर्मग्रंथ या अर्थी पुराणे, हे काफिया म्हणून निर्दोष आणि मापात अचूक असूनही तुमच्या गझलेत चालत नाहीत, कारण ‘ठिकाणे राहिले’ असे मराठी कुणी बोलत नाही. मी एका बैठकीत नेमका हाच शब्द म्हणून बसलो होतो. एका आजींनी शेर संपल्यावर शांतपणे विचारले, ‘ठिकाणे राहिली ना रे?’ त्यानंतरचा शेर माझ्या तोंडून नीट निघाला नाही.

ओळखायची सोपी खूण अशी : शब्दाचे एकवचन करा. उखाणा, बहाणा, दाणा असा ‘आ’ने संपणारा पुल्लिंगी शब्द मिळाला तर ‘राहिले’ ठीक. ठिकाण, उधाण असा अकारान्त नपुंसकलिंगी शब्द मिळाला तर बाद. आणि शब्द स्वतःच एकवचनी असेल (नाणे, ज्याचे अनेकवचन नाणी) तर पुन्हा ठीक.

या दोन चाळण्यांतून दहा-बारा शब्द खाली उरतात, आणि तेवढे पुरतात. पाच शेरांच्या गझलेला मतल्यातले दोन धरून सहाच काफिये लागतात. तुम्हाला आणखी फक्त चार हवे आहेत.

आता शब्द हातात धरून त्यात अर्थ कोंबायचा नाही. उलट जायचे. रदीफेला विचारायचे की तू किती तऱ्हांनी बोलतेस. ‘राहिले’ म्हणजे उरले, हा पहिला अर्थ. तुमच्या मतल्याच्या दोन्ही ओळी त्यावरच उभ्या आहेत, आणि पुढचा दाणेही तुम्ही तसाच वापराल : पाखरे उडाली, दाणे राहिले. ते मला फारच ओळखीचे वाटते. दुसरा अर्थ, करायचे राहून गेले. तिसरा, मागे राहिले, आले नाहीत. चौथा, ‘करत राहिले’मधला चालूपणा.

दुसऱ्या अर्थाला ‘जाणे’ आयताच जुळतो :

लांब मित्राचे कितीसे गाव? ओढ्याच्या पुढे
आज जातो, आज जातो, रोज जाणे राहिले

तिसऱ्यात ‘शहाणे’ला धार येते, कारण शहाणा माणूस काठावर राहतो :

काठ होता, खोल पाणी, सोबतीला माणसे
पार वेडे पोचले अन् हे शहाणे राहिले

चौथा अर्थ सगळ्यात कमी वापरला जातो, आणि मला तोच आवडतो. ‘पेरीत राहिले’ हे जोडक्रियापद फोडायचे आणि काफिया मधे कर्म म्हणून ठेवायचा : ‘पेरीत दाणे राहिले’. इथे मात्र वृत्त पुन्हा मधे पडते. ‘-त’ हा लघू आहे, त्यामुळे त्याच्या पाठोपाठ ‘बहाणे’सारखा लघूने सुरू होणारा शब्द येऊ शकत नाही, दोन लघू सलग होतात. ‘गागा’वालाच हवा. गात गाणे, पेरीत दाणे. ‘पेरत’ न म्हणता ‘पेरीत’ का, तेही यातच आले : ‘पेरत’ गालल आहे, ‘पेरीत’ गागाल.

मेघ आले, मेघ गेले, थेंबही नाही दिला
कोरड्या मातीत मी पेरीत दाणे राहिले

म्हणजे दाणे तोच, पण पाखरांच्या मागे पडलेला नाही. एक सावधगिरी : इथला ‘राहिले’ बाईच्या तोंडचा आहे. पुरुष बोलत असेल तर ‘राहिलो’ होईल आणि रदीफ तुटेल. गझलेत बाकी शेर पुरुषाच्या आवाजात असतील (माझ्याच वरच्या शेरात ‘निघालो’ आहे), तरी प्रत्येक शेर स्वतंत्र असल्याने नियमाने अडत नाही. तरी मला दोन्ही आवाज एकाच गझलेत खटकतात. त्यावर उपाय म्हणजे ‘मी’च्या जागी ‘ते’ घालायचे. ‘कोरड्या मातीत ते पेरीत दाणे राहिले’, माप तेच, आणि शेर शेतकऱ्यांचा होतो. कुठला ठेवायचा ते तुमच्या गझलेच्या आवाजावरून ठरवा.

काही जण उर्दूच्या शिस्तीने विचारतील की ‘जाणे’ आणि ‘गाणे’ यांत ‘णे’ हा प्रत्यय आहे, तो काढल्यावर काय उरते? जा आणि गा. ते आपसात जुळतात, म्हणून तुमचा काफिया तिथेही सुटतो. मतला ‘बोलणे’ आणि ‘चालणे’वर असता तर वाद झाला असता. मराठीत ते बरेच जण चालवून घेतात, तो भाग वेगळा. आणि सुरेश भटांनी रदीफेला अंत्ययमक आणि काफियाला यमक म्हटले आहे, तेव्हा कुणी ‘तुमचे यमक आणे, अंत्ययमक राहिले’ असे म्हणाले तर गोंधळू नका, गोष्ट हीच आहे.

‘उताणे’ मी मुद्दाम वापरला नाही. लगागा आहे, व्याकरणात बसतो, आणि त्यात हरलेल्या पैलवानाचे चित्र आयते आहे. तो तुमच्यासाठी ठेवला.