स्वहिश्शातले तीनशे तास, जे कागदावर कुठेच नव्हते

प्रश्न: आमच्या लहान शहरातल्या शाळेत ग्रंथालय उभं करण्यासाठी अनुदानाचा प्रस्ताव लिहितोय. प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या 20 टक्के स्वहिस्सा मागितलाय. रोख पैसे नाहीत, पण पालक आणि माजी विद्यार्थी फुकट काम करायला तयार आहेत. त्यांच्या कामाची किंमत अंदाजपत्रकात दाखवली तर चालेल ना? आणि प्रत्येक खर्चाचं समर्थन किती लांब लिहायचं?

उत्तर:

'फुकट काम करायला तयार आहेत' हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. काही वर्षांपूर्वी आम्ही अगदी हेच केलं होतं. प्रस्ताव मंजूरही झाला आणि तरी आम्ही बुडालो. मी हिशेबनीस नाही, प्रत्येक निधी देणाऱ्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा मी सांगतो ते तुमच्या नियमावलीशी ताडून बघा.

आधी त्या 20 टक्क्यांचा घोळ. एकूण खर्चाच्या 20 टक्के आणि अनुदानाच्या 20 टक्के या दोन वेगळ्या रकमा आहेत. अनुदान 100 भाग मागत असाल तर स्वहिस्सा 25 भाग लागतो, कारण एकूण 125 होतात आणि त्याचे 20 टक्के 25. तुम्ही 20 भागच दाखवलेत तर एकूण 120 होतात आणि तुमचा वाटा 17 टक्क्यांच्याही खाली येतो. आमच्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच झालं होतं. नशिबाने एका निवृत्त लेखापालांनी वेळेत दाखवून दिलं.

खरी चूक मात्र पुढे झाली. मागणी 100 भागांची होती: पुस्तकं 60, रॅक 35 आणि लेबलं, नोंदवह्या वगैरे 5. स्वहिश्शाचे 25 भाग आम्ही असे दाखवले: खोलीची रंगरंगोटी आणि दिवे 10 भाग, हे शाळेने खर्च केले होते आणि पावत्या होत्या. उरलेले 15 भाग म्हणजे स्वयंसेवकांचे तास. 1200 पुस्तकं होती. शिक्का मारणं, दाखल नोंदवहीत नोंद, वर्गांक ठरवणं, तालिकेत नोंद, पाठीवर लेबल, वर कव्हर, असं सगळं मिळून सरावलेल्या माणसालाही एका पुस्तकामागे साधारण 15 मिनिटं लागतात. म्हणजे 300 तास. चौघंजण आठवड्याला प्रत्येकी तीन तास बसले तर 25 आठवडे. हा हिशेब बरोबर होता, आणि काम झालंही तेवढंच. खरं तर जास्तच, कारण सुरुवातीला लेबलं तिरकी लागायची आणि पुन्हा करावी लागायची.

अहवालाच्या वेळी निधी देणाऱ्यांनी त्या 300 तासांचे पुरावे मागितले. आमच्याकडे फोटो होते, आभाराची पत्रं होती, दाखल नोंदवहीत तारखा होत्या. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, काय केलं, हे कुठेच नव्हतं. पंधराच्या पंधरा भाग नामंजूर. मग गणित उलटं फिरलं: मान्य स्वहिस्सा फक्त 10, तो एकूण खर्चाच्या 20 टक्के असायला हवा, म्हणजे मान्य एकूण 50 आणि अनुदान जास्तीत जास्त 40. पहिल्या हप्त्याचे 60 आम्हाला मिळाले होते आणि ते पुस्तकांत गेले होते. दुसरा हप्ता तर गेलाच, वर 20 भाग परत करा असं पत्र आलं. रॅकवाल्याचे पैसे देणं बाकी होतं ते वेगळंच.

आता थोडं बोलून घेतो. प्रस्ताव पाठवण्याआधी मी निधी देणाऱ्यांच्या कार्यालयात फोन करून विचारलं होतं की स्वयंसेवकांचे तास कसे नोंदवायचे. 'काही विशेष नाही, नंतर एक पत्र जोडा' असं उत्तर मिळालं. नियमावलीच्या परिशिष्टात हजेरीपत्रकाचा नमुना होता, हे त्यांनाही माहीत नसावं. नंतर त्याच टेबलावरच्या माणसाने 'नियम तर दिलेले होते' असं सुनावलं. परिशिष्ट न वाचणं ही माझीच चूक, मान्य. पण तेव्हापासून फोनवर काही विचारलं की त्याच दिवशी मेल करतो: 'आज आपण असं सांगितलंत, तसंच करतो आहोत.' उत्तर आलं नाही तरी आपल्या बाजूने कागद राहतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक ठिकाणी चालतं, पण हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून हवं. नाव, तारीख, येण्या-जाण्याची वेळ, काय काम केलं, करणाऱ्याची सही, देखरेख करणाऱ्याची सही. महिनाअखेरीला आठवून भरलेलं पत्रक एकाच पेनाने, एकाच अक्षरात असतं आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. दर कामाचा धरा, माणसाचा नव्हे. डॉक्टर असलेली आई लेबलं लावत असेल तर दर लेबलं लावणाऱ्याचाच. आणि शाळेच्या वेळात काम करणाऱ्या, पगार घेणाऱ्या शिक्षकाचे तास त्यात घालायचे असतील तर आधी लेखी विचारा. तिथे सर्वांत जास्त आक्षेप निघतात.

माझं स्वतःचं मत (काहींना पटत नाही): स्वहिश्शाचा निम्म्याहून जास्त भाग तासांवर टांगू नका, आणि मागितलाय त्याहून जास्त स्वहिस्सा दाखवून उत्साह सिद्ध करू नका. 25 मागितले असताना 40 लिहिलेत, तर अनेक ठिकाणी ते 40 पुरे करणं तुमच्यावर बंधनकारक होतं.

समर्थनाच्या लांबीची काळजी सोडा, वाक्यात आकडा कुठून आला ते दिसलं पाहिजे. आम्ही आधी लिहिलं होतं: 'पुस्तकं सुरक्षित ठेवण्यासाठी रॅक आवश्यक आहेत.' हे कुणाला माहीत नाही? दुसऱ्या प्रस्तावात असं लिहिलं: 'एका मीटर फळीवर सरासरी 30 पुस्तकं मावतात, म्हणून 1200 पुस्तकांना 40 मीटर. पुढच्या खरेदीसाठी पाव जागा मोकळी ठेवल्यास सुमारे 53 मीटर. एका रॅकला 0.9 मीटरच्या पाच फळ्या, म्हणजे 4.5 मीटर, म्हणून 12 रॅक. दर जोडलेल्या तीन दरपत्रकांतला सर्वांत कमी.' चारच वाक्यं, आणि रॅकच्या ओळीवर एकही शंका आली नाही. (चित्रांची पातळ पुस्तकं जास्त असतील तर मीटरमागे बरीच जास्त मावतात. तुमची पुस्तकं फळीवर लावून मोजा, माझा आकडा उचलू नका.)

दरपत्रकांवर तारीख आणि मुदत आहे ना ते बघा. मंजुरीला महिने लागतात आणि तोवर दर वाढलेले असतात. 'किरकोळ' किंवा 'इतर' अशी ओळ ठेवू नका, कात्री आधी तिथेच चालते. त्यातलं जे खरंच लागणार आहे त्याला नाव द्या.

आणि हजेरीच्या वहीला दोरीने पेन बांधा. आमच्याकडे दुसऱ्या वेळी वही होती, पेन मात्र दर दोन दिवसांनी गायब व्हायचं.