शेपटी नेमकी कोणाची, ते आधी बघ

HPLC मध्ये अमिट्रिप्टिलीनच्या पीकला मागे शेपटी येते म्हणून तू कॉलम बदलायला निघालायस, पण त्याआधी क्रोमॅटोग्राम नीट बघ. सगळ्याच पीकना शेपटी असेल तर दोष बहुधा जोडणीत किंवा कॉलमच्या तोंडाशी पडलेल्या पोकळीत असतो. तुझ्याकडे मात्र टोल्यूइन सरळ येतंय आणि फक्त अमिट्रिप्टिलीन मागे रेंगाळतंय. म्हणजे भानगड रसायनाची आहे.

अमिट्रिप्टिलीनचा pKa साधारण 9.4, त्यामुळे pH 7 ला त्यावर धन प्रभार असतो. त्याच pH ला कॉलममधल्या सिलिकावरचे उरलेसुरले सिलॅनॉल गट ऋण होतात आणि काही रेणूंना धरून ठेवतात. सुटायला उशीर झालेले ते रेणू म्हणजे तुझी शेपटी.

मोबाइल फेजसाठी फॉस्फेट बफर 25 मिलीमोलर घे आणि pH 2.5 वर आण. pH अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधीच मोज, नंतरचा आकडा फसवा असतो. इतक्या कमी pH ला सिलॅनॉलवरचा ऋण प्रभार जातो आणि ते बहुतांशी शांत होतात. पीक थोडा लवकर येईल, तेव्हा अ‍ॅसिटोनायट्राइल जरा कमी कर. कॉलम एंडकॅप केलेला, उच्च शुद्धतेच्या सिलिकाचा हवा. जुन्या धर्तीच्या सिलिकावर नुसत्या pH ने भागत नाही.

एवढं करूनही शेपटी राहिली तर नमुना दहापट पातळ करून टोच. शेपटी आखडली तर कॉलमवर भार जास्त होता. आणि नमुना शुद्ध मेथॅनॉलमध्ये विरघळवू नकोस, मोबाइल फेजमध्येच विरघळव. नाहीतर सुरुवातीचे पीक पसरतात, कधी दुभंगतात, आणि आपण उगाच कॉलमला शिव्या घालतो.