समांतर लोडची कॉम्प्लेक्स पॉवर आणि त्यांचा एकत्रित पॉवर फॅक्टर

प्रश्न: २४०∠३०° व्होल्टच्या (आरएमएस) पुरवठ्यावर तीन लोड समांतर जोडले आहेत. मोटरचा करंट २५∠−६.८७°, हीटरचा १०∠३०° आणि तिसऱ्या लोडचा १२.५∠६६.८७° ॲम्पिअर आहे. पॉवर फॅक्टर अनुक्रमे ०.८, १ आणि ०.८ येतात. त्यांची सरासरी ०.८६७ होते, तर एकूण वॅटना व्होल्ट-ॲम्पिअरच्या बेरजेने भागले की ०.८४२ येते. उत्तर मात्र ०.९८३ दिले आहे. असे का? आणि S काढताना करंटचा कॉन्ज्युगेट का घ्यायचा?

उत्तर:

दिलेले ०.९८३ हे उत्तर बरोबर आहे, फक्त त्यापुढे ‘लॅगिंग’ हा शब्द असायला हवा. आपल्या दोन्ही रीतींमध्ये नेमकी हीच माहिती गळून पडते. पॉवर फॅक्टर हा व्होल्टेज आणि करंट यांच्यामधील कोनाचा कोसाइन असतो, आणि ३६.८७° व −३६.८७° या दोन्ही कोनांचा कोसाइन ०.८ च येतो. त्यामुळे मोटर आणि तिसरा लोड आपल्या आकडेमोडीत एकसारखे दिसू लागतात. प्रत्यक्षात मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे आहे, तर तिसऱ्या लोडचा करंट तितकाच पुढे आहे. ही दिशा टिकवून ठेवणारी राशी म्हणजे कॉम्प्लेक्स पॉवर, म्हणून बेरीज तिचीच करावी लागते.

आधी कॉन्ज्युगेटचा मुद्दा पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. फेजरचा कोन कोणत्या क्षणाला शून्य वेळ मानले यावर अवलंबून असतो. आपल्या गणितात व्होल्टेजचा कोन ३०° आहे, परंतु दुसऱ्या कोणी तोच पुरवठा ०° धरून सोडवला, तरी मोटर तेवढेच वॅट घेणार. याचाच अर्थ असा की पॉवरच्या सूत्रात दोन कोनांची वजाबाकी यायला हवी, म्हणजे संदर्भ बदलल्यामुळे दोन्ही कोनांत पडणारी सारखी भर आपोआप नाहीशी होईल. दोन फेजरचा साधा गुणाकार केला तर कोनांची बेरीज होते. करंटचा कॉन्ज्युगेट घेतला की त्याच्या कोनाचे चिन्ह उलटते आणि गुणाकारातून वजाबाकी मिळते:

```
S = V · I* = |V||I| ∠(θv − θi) = P + jQ
```

कॉन्ज्युगेट विसरला तर काय होते, ते मोटरवर करून पाहा. V · I₁ हा गुणाकार ६०००∠२३.१३° येतो आणि त्याचा वास्तव भाग ५५१८ वॅट निघतो. मोटर खरोखर घेते ती पॉवर मात्र ६००० × ०.८, म्हणजे ४८०० वॅट आहे. हीच चूक व्होल्टेज ०° धरलेल्या गणितात लपून राहते: तेथे वॅटचा आकडा बरोबर येतो, फक्त Q चे चिन्ह उलटे पडते आणि लॅगिंग लोड लीडिंग ठरतो. म्हणून सरावासाठी व्होल्टेजचा कोन शून्य नसलेली उदाहरणे घ्यावीत, असे मला वाटते. चूक असेल तर ती तेथे लगेच उघडी पडते.

आता तिन्ही लोडची कॉम्प्लेक्स पॉवर काढू:

```
S1 = (240∠30°)(25∠6.87°)     = 6000∠36.87°   = 4800 + j3600
S2 = (240∠30°)(10∠−30°)      = 2400∠0°       = 2400 + j0
S3 = (240∠30°)(12.5∠−66.87°) = 3000∠−36.87°  = 2400 − j1800
S  = S1 + S2 + S3                            = 9600 + j1800
```

एकूण S चे मान √(९६००² + १८००²), म्हणजे सुमारे ९७६७ व्होल्ट-ॲम्पिअर येते. पॉवर फॅक्टर ९६०० ÷ ९७६७ = ०.९८३, आणि Q धन असल्यामुळे तो लॅगिंग. कोन १०.६२° आहे.

अशी सरळ बेरीज करण्याचा अधिकार आपल्याला किरचॉफच्या करंटच्या नियमाने मिळतो. समांतर जोडणीत व्होल्टेज सर्वांना सामाईक असते आणि एकूण करंट हा तिन्ही करंटच्या फेजर बेरजेइतका असतो. बेरजेचा कॉन्ज्युगेट म्हणजे कॉन्ज्युगेटची बेरीज, म्हणून V सामाईक काढला की S = S₁ + S₂ + S₃ हे थेट हाती येते. P ची बेरीज वेगळी आणि Q ची बेरीज चिन्हासह वेगळी होते, पण |S| ची साधी बेरीज यातून कोठेही निघत नाही. लोड एकसरीत असले तरी कॉम्प्लेक्स पॉवरची बेरीज खरीच राहते, कारण तेथे करंट सामाईक असतो आणि व्होल्टेजची बेरीज होते.

आकड्यांवर विसंबून न राहता हे करंटमध्ये पाहिले तर चित्र अधिक स्वच्छ होते. प्रत्येक करंटचे दोन भाग करा: एक व्होल्टेजच्या दिशेतला, दुसरा त्याच्याशी काटकोनात. व्होल्टेजच्या दिशेतले भाग २०, १० आणि १० ॲम्पिअर आहेत, त्यांची बेरीज ४०. काटकोनातला मोटरचा भाग १५ ॲम्पिअर मागच्या बाजूला आहे आणि तिसऱ्या लोडचा ७.५ ॲम्पिअर पुढच्या बाजूला, म्हणून शिल्लक राहतात ७.५ ॲम्पिअर मागे. √(४०² + ७.५²) = ४०.७ ॲम्पिअर, आणि ४०.७ ला २४० ने गुणले की पुन्हा सुमारे ९७६७ च येतात. पुरवठ्याच्या तारेवर ॲमीटर लावला तर तो ४०.७ दाखवेल; तिन्ही लोडच्या ॲमीटरची बेरीज मात्र ४७.५ होईल. हा ६.८ ॲम्पिअरचा फरक म्हणजे मापनातली चूक नव्हे. मोटरचे चुंबकीय क्षेत्र ज्या काळात ऊर्जा साठवत असते, त्याच काळात तिसऱ्या लोडचे विद्युत क्षेत्र ऊर्जा सोडत असते आणि पुढच्या पाव आवर्तनात हा क्रम उलटतो. या देवाणघेवाणीचा मोठा भाग त्या दोघांतच मिटतो, आणि पुरवठ्याच्या वाट्याला फक्त १८०० व्हारची ये-जा उरते.

उत्तर पडताळण्यासाठी फेजर करंटची आयताकृती बेरीजही करून पाहावी. ती ३८.३९ + j१३.५० येते, म्हणजे ४०.७∠१९.३८°. व्होल्टेजच्या ३०° मधून १९.३८° वजा केले की १०.६२° मिळतात. दोन स्वतंत्र वाटांनी एकच कोन आला, तर चिन्हाची चूक राहिलेली नाही असे खात्रीने म्हणता येते.

आपण काढलेला ०.८४२ हा आकडा मात्र टाकून देऊ नका. तो म्हणजे तिन्ही पॉवर फॅक्टरची, प्रत्येकाच्या व्होल्ट-ॲम्पिअरच्या प्रमाणात घेतलेली सरासरी आहे. वेगवेगळ्या दिशांच्या फेजरची बेरीज त्यांच्या लांबींच्या बेरजेपेक्षा कधीच मोठी होत नाही, म्हणून खरा |S| हा ११४०० पेक्षा जास्त असूच शकत नाही आणि एकत्रित पॉवर फॅक्टर ०.८४२ च्या खाली जाऊच शकत नाही. त्यापेक्षा कमी उत्तर आले, तर आकडेमोडीत नक्की गफलत आहे. बरोबर ०.८४२ येण्यासाठी तिन्ही कोन समान असावे लागतील. वरची मर्यादा मात्र वेगळीच आहे: ०.८ लॅगिंग आणि ०.८ लीडिंग असे सारख्याच व्होल्ट-ॲम्पिअरचे दोन लोड एकत्र आले, तर समूहाचा पॉवर फॅक्टर १ होतो, जो त्यांपैकी एकाचाही नाही.

साध्या सरासरीने आलेल्या ०.८६७ बद्दल एक सावधगिरी. तिसरा लोड लीडिंगऐवजी लॅगिंग असता, तर Q ५४०० व्हार, |S| सुमारे ११०१४ व्होल्ट-ॲम्पिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८७२ आला असता. हा आकडा सरासरीच्या इतका जवळ आहे की रीत बरोबर असल्याचा भास व्हावा, पण ती जवळीक निव्वळ योगायोगाची आहे. साध्या सरासरीत लहान आणि मोठ्या लोडला सारखेच वजन मिळते, आणि त्याला कोणताही भौतिक आधार नाही. या तुलनेतून हेही दिसते की ‘पॉवर फॅक्टर ०.८’ एवढीच माहिती दिलेली असेल, तर गणित अपुरे आहे. लॅगिंग की लीडिंग हे कळल्याशिवाय एकूण करंट ४०.७ ॲम्पिअर आहे की ४५.९, हे ठरवता येत नाही.

हे सगळे आकडे लोडच्या टोकांशी खरे आहेत. पुरवठ्यापासून तेथपर्यंतच्या तारेचा इम्पीडन्स ०.१ + j०.२ ओहम धरला, तर तारेतच I²Z प्रमाणे सुमारे १६६ वॅट आणि ३३१ व्हार खर्ची पडतात. त्यांचीही बेरीज याच नियमाने होते: उगमाशी ९७६६ + j२१३१, आणि तेथला पॉवर फॅक्टर ०.९७७. म्हणून पॉवर फॅक्टर सांगताना तो कोणत्या ठिकाणचा आहे, हे सोबत सांगावे. येथे |I|² मध्ये ४०.७ च वापरायचा. तिन्ही करंटचे वर्ग वेगवेगळे घेऊन बेरीज केली तर तारेतला व्यय चुकीचा येईल, कारण तारेतून त्यांची फेजर बेरीज वाहते.

फेजर आरएमएस मानांत आहेत की शिखरमानांत, हेही आधी पाहावे. शिखरमाने असतील तर S = ½ V · I* घ्यावे लागते. ते विसरल्यास वॅट आणि व्हार दोन्ही दुप्पट येतात, पण पॉवर फॅक्टर बरोबरच येतो, त्यामुळे ही चूक पॉवर फॅक्टर पाहून कधीच सापडत नाही.

शेवटची मर्यादा करंटच्या आकाराची आहे. एक फेजर म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीची साइन लहर. समूहात कपॅसिटर फिल्टर असलेला रेक्टिफायर असेल, तर त्याचा करंट तुटक शिखरांचा असतो आणि त्यात हार्मॉनिक मिसळलेले असतात. व्होल्टेज शुद्ध साइन असेल, तर वरच्या रीतीने आलेले P आणि Q मूळ फ्रीक्वेन्सीसाठी बरोबर राहतात. परंतु प्रत्यक्ष |S| काढताना करंटचे खरे आरएमएस मान घ्यावे लागते, आणि ते √(P² + Q²) ÷ V पेक्षा जास्त भरते. अशा वेळी कोनाचा कोसाइन १ च्या जवळ असूनही खरा पॉवर फॅक्टर बराच कमी असू शकतो. दोन आकड्यांतली ही तफावत कपॅसिटर जोडून भरून निघत नाही, कारण ती कोनातून आलेली नसते.