गुडघ्याखाली पाय कापल्यावर कृत्रिम पाय कधी बसवतात?

"बाबांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापला, तीन आठवडे झाले. कृत्रिम पाय कधी बसेल? तोवर काय करायचं?"

जखम पूर्ण भरली आणि सूज उतरून घेर स्थिरावला की माप घेतात. साधारण दोन-तीन महिने धरा; मधुमेहात जास्तही लागतात. आधी घेतलेलं माप पुढे सैल पडतं.

गुडघा वाचला हे मोठंच. तो गेला असता तर चालायला खूप जास्त दम लागला असता. पण वाचलेला गुडघा वाकलेला राहिला तर काय उपयोग? मी फिजिओथेरपिस्ट आहे. सत्तरीतल्या एका आजोबांना घरच्यांनी मायेने गुडघ्याखाली उशी दिली. महिन्याभरात गुडघा सरळच होईना, आणि कृत्रिम पायाचं माप घेणं लांबणीवर पडलं. म्हणून उशी नको. खुर्चीत बसताना ठुंठ, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, लोंबकळू न देता फळीवर सरळ ठेवा.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात तिरकं बांधा, टोकाला घट्ट, वर सैल. गोल गोल वेढे दिले तर दोरी बांधल्यासारखं होऊन टोक सुजतं. दिवसातून तीन-चारदा सोडून पुन्हा बांधा. आपल्याकडे पावसाळ्यात घाम आटत नाही, तेव्हा रात्री ठुंठ धुऊन नीट पुसा आणि आरशात खालची बाजू बघा. मधुमेहात फोड दुखतोच असं नाही.

पाय मिळाल्यावर भार टोकावर नाही, मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखाली यायला हवा. काढल्यावर लाली दहा मिनिटांत न गेल्यास सॉकेट, म्हणजे ठुंठ ज्यात बसतं तो भाग, दुरुस्त करून घ्या, तोवर घालू नका.