परीक्षेच्या महिन्यात टिकणारं काम

प्रिय,

तुझ्यासमोर दोन कामं आहेत, शाळकरी मुलांची ऑनलाइन शिकवणी आणि मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. शिकवणीला तासाचा दर जास्त मिळतो म्हणून तुझा कल तिकडे झुकलाय. दर जरा बाजूला ठेव आणि आधी तुझ्याकडे तास किती आहेत ते बघू.

आठवड्याचे तास १६८. तू कळवलेल्या वेळापत्रकावरून झोपेचे ५६, कॉलेज आणि प्रॅक्टिकलचे ३०, प्रवासाचे ९, स्वतःच्या अभ्यासाचे १८ आणि जेवणखाण, आंघोळ, घरकाम यांचे २४ वजा केले की ३१ उरतात. हे ३१ तास कामाचे आहेत असं धरलंस तर तिथेच गणित फसेल. त्यात वीस-वीस मिनिटांचे कितीतरी तुकडे आहेत, आणि फाइल उघडून मागचा संदर्भ लावण्यातच असा तुकडा संपतो. पाऊण तासाहून मोठे सलग तुकडे तेवढे मोज. तुझ्या वेळापत्रकात ते साधारण १६ तास भरतात. त्यातले चार रिकामे सोड, कारण आजारपण, अचानक आलेली असाइनमेंट, नेट बंद पडणं हे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच. हातात राहिले १२. हा अंदाज बरोबर आहे का, हे दोन आठवडे प्रत्यक्ष वेळ लिहून तपास. अभ्यासाचे १८ तास सलग दोन आठवडे भरले नाहीत, तर कामाचा आकडा खाली आण.

आता हे बारा तास कामाच्या मापात बसव. नवख्या माणसाला एक तासाचं स्वच्छ रेकॉर्डिंग टाइप करून तपासायला साधारण पाच तास लागतात. दोघं एकाच वेळी बोलत असतील किंवा मागे गोंगाट असेल तर त्याहून जास्त. म्हणजे आठवड्याला दोन तासांचं रेकॉर्डिंग, आणि उरलेले दोन तास निरोपानिरोपी, दुरुस्त्या, बिल यांना. ‘चार तासांचं पाठवू का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याआधी हे आठव. फाइल घेण्यापूर्वी तिची मधली पाच मिनिटं मागून ऐक. सुरुवात बहुतेक वेळा स्वच्छच असते, तिच्यावर विसंबू नकोस.

शिकवणीची खरी अडचण परीक्षेत कळते. तुझी परीक्षा आणि त्या मुलांची परीक्षा बऱ्याचदा एकाच सुमाराला येते. म्हणजे तुला सुट्टी हवी असेल नेमके तेव्हाच पालक जादा तास मागणार, आणि त्यांचं चूक नाही. दुसऱ्याच्या सोशल मीडियाच्या रोजच्या पोस्ट सांभाळणं किंवा चॅटवर ग्राहकांना उत्तरं देणं, यांचंही तेच. रोज कुणीतरी वाट बघत असतं, त्यामुळे काम पुढेमागे सरकवता येत नाही. ट्रान्सक्रिप्शन नगावर चालतं. फाइल दिली की व्यवहार संपला, पुढची घ्यायची की नाही ते तू ठरवायचं. दर कमी असला तरी तुझ्यासाठी मला हेच बरं वाटतं. शिकवणी हवीच असेल तर सुट्टीतला ठरावीक मुदतीचा वर्ग घे, वर्षभराची बांधिलकी नको.

नगावरच्या कामालाही एक शेपूट असतं, ते म्हणजे दुरुस्त्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी फाइल देऊन मोकळं होता येत नाही. तीन-चार दिवसांनी ‘ही नावं चुकलीत, वेळेच्या नोंदी घाला’ असा निरोप येतो, आणि तो दुसऱ्या पेपरच्या रात्री येतो. म्हणून शेवटची फाइल पहिल्या पेपरच्या किमान दोन आठवडे आधी जायला हवी. त्यावरून मागे मोज. पेपर पाच आठवड्यांवर आला की त्या आठवड्यात नेहमीचे १२ तास, मग ८, मग ४. त्या चारांतच शेवटची फाइल पाठव. पुढच्या आठवड्यात फक्त दुरुस्त्या, शेवटच्या आठवड्यात काहीच नाही. कामाच्या साइटवर ‘सध्या उपलब्ध नाही’ अशी सोय असली तरी ती नव्या ऑर्डर थांबवते. आधी घेतलेल्या ऑर्डरची मुदत चालूच राहते आणि उशिराचा फटका रेटिंगला बसतो.

ग्राहकाला पाच आठवडे आधी एवढंच लिही: ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत नवीन काम घेणार नाही. शेवटची फाइल अमुक तारखेला देईन, दुरुस्त्या त्यानंतर पाच दिवसांत कळवा. परत सुरू करण्याची तारीख ही.’ परत येण्याची तारीख विसरू नकोस, ती नसली की ग्राहक कायमचा दुसरा माणूस शोधतो. ती तारीख शेवटच्या पेपरनंतर तीन दिवसांची ठेव, पेपर पुढे ढकलले जातात.

आणि शेवटच्या फाइलसोबतच बिल पाठव. पैसे खात्यात यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, आणि परीक्षा फी, झेरॉक्स यांचा खर्च त्याच दिवसांत असतो.

तुझ्या विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की पहिल्या पेपरची तारीख कळव, मागचे पाच आठवडे कॅलेंडरवर मिळून मांडू.