दीड वर्षाचा डोस आणि आजींची धास्ती

"ताई, शेजारणीचा नातू दीड वर्षाचं इंजेक्शन घेतल्यापासून बोलेनासा झाला. डॉक्टर स्वमग्नता म्हणतात. आणि एवढ्या लसी टोचून पोराच्या अंगची ताकद जाते, असंही ऐकलंय. आमच्या नातवाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यायचा की नाही?"

मी आजींना आधी त्या मुलाबद्दलच विचारलं. पहिल्या वाढदिवसाला तो हाक मारल्यावर वळून बघायचा का? हवी ती वस्तू बोटाने दाखवायचा का? आजी जरा थांबल्या. "नाही हो. केक कापताना सगळे हाका मारत होते, तो फुग्याच्या दोरीतच गुंग. मुलगे उशिराच बोलतात, असं आम्ही म्हणायचो."

म्हणजे खुणा डोसाच्या आधीपासून होत्या. स्वमग्नतेची जडणघडण बहुतेक वेळा गर्भातच सुरू होते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. घरच्यांच्या ती लक्षात येते दीड-दोन वर्षांच्या सुमारास, बोलणं अपेक्षित असतं तेव्हा. काही मुलांचे आलेले शब्द जातातही. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकामागोमाग दिसतात आणि आईच्या मनात दोष इंजेक्शनवर बसतो. खरं काय ते कळायला लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं शेजारी ठेवून पाहावी लागतात. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची अशी पाहणी झाली. 2019 साली निष्कर्ष आला : गोवराची लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही.

"आणि ताकदीचं काय?" आजींनी विचारलं. लसीत गोवराचा विषाणू अगदी दुबळा करून घातलेला असतो. त्याला ओळखून प्रतिपिंडं तयार करतं ते बाळाचंच शरीर. बाहेरून आयती ताकद कुणी भरत नाही. बाळ रोज मातीतून, खेळण्यांवरून कितीतरी जंतू तोंडात घालतं, त्यापुढे लसीचा भार किरकोळ. उलट खरा गोवर अंगची ताकद खातो. आधीच्या आजारांतून शरीराने जी ओळख कमावलेली असते, तिचा बराच भाग तो पुसून टाकतो. गोवर उतरल्यावरही महिनोन् महिने न्यूमोनिया, हगवण मागे लागते ती त्यामुळे. हे ऐकून आजी म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ गोवर बरा झाल्यावरच गेला. छातीत कफ भरून." त्या वयाच्या कितीतरी बायकांकडे अशी एखादी आठवण असते.

मग आम्ही पुढचं बोललो. डोसानंतर अर्धा तास केंद्रातच थांबायचं. आठवडा-दीड आठवड्याने ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं, दोन-तीन दिवसांत जातं. साधी सर्दी असली तरी डोस चुकवू नये. मात्र मागच्या डोसाला अंगावर गांधी, श्वास लागणं असं झालं असेल किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचं. शेजारच्या मुलासाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं नाव लिहून दिलं. तिथे वाचा-उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, आणि लसीला दोष देण्यात त्याचेच महिने वाया जात होते.